बांध शाबूत, तरी आत पाणी: पूरबांधाखालचा पाझर, सँड बॉइल आणि रिलीफ वेल (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पूरबांध म्हटलं की पाणी बांधावरून जाईल का, एवढीच चिंता बहुतेकांना असते. इथले प्रश्न बांधाच्या खालून येणाऱ्या पाण्याचे आहेत. उदाहरणं मुख्यतः अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीची घेतली आहेत, कारण या विषयाचा पद्धतशीर अभ्यास तिथे झाला आणि आजही प्रत्येक मोठ्या पुरात त्याची परीक्षा तिथेच होते.

पाणी बांधावरून आलं नाही, बांध कुठे फुटलाही नाही. मग बांधाच्या आतल्या शेतात पाणी कुठून आलं?

जमिनीखालून. मिसिसिपीच्या खोऱ्यात वर चिकणमाती आणि गाळाचा थर असतो, कुठे दोन-तीन मीटर, कुठे त्याच्या कितीतरी पट. त्याच्या खाली पार तीस-चाळीस मीटरपर्यंत वाळू आणि खडी. हिमयुगाच्या शेवटी वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने ती आणून टाकलेली. बांध उभा असतो वरच्या चिकणमातीवर, पण नदीचं पात्र तो थर कापून थेट वाळूला भिडलेलं असतं. पूर आला की नदीतल्या पाण्याचा दाब या वाळूतून बांधाखालून पलीकडे पोचतो. वर चिकणमातीचं झाकण असल्यामुळे पाण्याला सहज बाहेर पडता येत नाही आणि ते खालून झाकणाला वर रेटत राहतं.

बांध कितीही उत्तम कुटलेला असो, त्याचा इथे उपयोग नाही. पाणी बांधाला हातच लावत नाही.

सँड बॉइल म्हणजे काय? ओळखायचा कसा?

झाकणात कुठेतरी कच्ची जागा सापडली की पाणी तिथून उसळतं आणि सोबत खालची बारीक वाळू घेऊन येतं. वाळू तोंडाभोवती साचत जाते आणि वारुळासारखा छोटा शंकू तयार होतो, मध्ये खड्डा आणि खड्ड्यात पाणी खदखदतंय. हाच सँड बॉइल, पुढे त्यालाच उफाळा म्हटलं आहे. पाण्याखाली असला तर शंकू दिसत नाही. साचलेल्या पाण्यात एका ठिकाणी सतत हलणारा गढूळ ठिपका तेवढा दिसतो, आणि गस्त घालणाऱ्याची नजर तयार नसेल तर तो सुटतो.

कच्च्या जागा ठरलेल्या असतात: बांधाच्या पायथ्याशी खणलेला चर, कुंपणाच्या खांबाचं भोक, कुजलेल्या झाडाचं मूळ, खेकड्यांची बिळं, न बुजवलेली जुनी बोअर. पण सगळ्यात वाईट जागा म्हणजे जुन्या नदीपात्राचा काठ. सोडून दिलेल्या पात्रात जाड चिकणमाती साचलेली असते. वाळूतून येणारं पाणी त्या चिकणमातीच्या भिंतीला अडतं आणि तिच्या कडेने वर यायला बघतं. जुनं पात्र बांधाला तिरकं छेदत असेल तर बांध आणि पात्र यांच्यामधल्या चिंचोळ्या कोपऱ्यात उफाळे हमखास सापडतात. गस्तीची सुरुवात तिथूनच करावी.

दिसला उफाळा की धोका, असं समजायचं का?

नाही. मोठ्या पुरात बांधामागची जमीन पाझरणारच, आणि नितळ पाणी देणारे शेकडो बारीक झरे असू शकतात. पाणी येतंय, याची फार काळजी नसते. पाण्यासोबत माती येते का, हा खरा प्रश्न. एक साधी रीत आहे. काचेची बरणी उफाळ्याच्या तोंडाशी धरून भरा, बाजूला ठेवा आणि पाच मिनिटांनी तळ बघा. तळाशी काही नसेल तर त्या जागी खुणेची काठी रोवून पुढे जायचं आणि ठरलेल्या वेळी परत येऊन बघायचं. तळाशी वाळूचा थर दिसला तर तो उफाळा बांधाखालची जमीन पोखरतोय.

नोंद करताना वेळ, तोंडाची रुंदी, पाण्याचा रंग आणि त्या वेळची नदीची पातळी, एवढं लिहिलं तरी पुरतं. पातळी तीच असताना तोंड रुंदावत असेल, तर ती नोंद वरिष्ठांना झोपेतून उठवण्याच्या लायकीची आहे.

वाळू थोडीशीच तर येते. त्याने एवढा बांध कसा जाईल?

वाळू येते ती झाकणाच्या लगेच खालून. ती निघाली की चिकणमातीच्या पोटाशी एक बारीक पोकळ नळी राहते. चिकणमाती छतासारखी टिकते, म्हणून नळी मिटत नाही. नळीत पाण्याला अडथळा कमी, त्यामुळे आजूबाजूचं पाणी तिच्याकडे धावतं आणि नळीच्या टोकाशी वाळूचा पुढचा कण सुटतो. अशी ती उलट्या दिशेने, म्हणजे शेताकडून नदीकडे सरकत जाते. जोवर नदीपर्यंत पोचत नाही तोवर वरून काहीच कळत नाही. पोचली की मात्र थेट नदीचं पाणी नळीत शिरतं, ती भराभर रुंदावते, वरचा बांध खचतो आणि मग काही तासांतच भगदाड.

म्हणून उफाळा अचानक थांबला तर आनंद मानू नये. नळीचं छत कुठेतरी कोसळलं असू शकतं. अशा वेळी आधी बांधाच्या माथ्यावर जाऊन भेग किंवा खचवा आहे का ते बघायचं.

दाब किती झाला की जमीन उचलली जाते? आकड्यांत सांगता येईल का?

येईल. गणित शाळेतलंच आहे. समजा झाकणाचा थर ३ मीटर जाड आहे. पाण्यात बुडालेल्या चिकणमातीचं परिणामी वजन पाण्याच्या साधारण ०.८ पट असतं. म्हणजे हा थर २.४ मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाला तोलून धरतो. खालून त्याहून जास्त दाब आला की थर तरंगायला लागतो. इंजिनिअर हे गुणोत्तराने बोलतात: जमिनीच्या वरचा जादा दाब भागिले थराची जाडी. ते ०.८ च्या आसपास पोचलं की उफाळे ठरलेले.

आता नदी शेतापेक्षा ६ मीटर वर आहे असं धरू. सगळा सहा मीटर दाब पायथ्याशी पोचत नाही, वाटेत खर्च होतो. वाळूत शिरेपर्यंत, मग बांधाच्या रुंदीखालून, मग पलीकडे शेतातल्या झाकणातून हळूहळू बाहेर पडेपर्यंत. हा खर्च मोजायला या तिन्ही टप्प्यांची ‘लांबी’ काढतात. वाळूचा थर ३० मीटर जाड आणि तिची पाझरक्षमता वरच्या चिकणमातीच्या १६० पट असेल, तर शेताकडच्या झाकणाची परिणामी लांबी १६०, ३० आणि ३ यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, म्हणजे १२० मीटर. नदीकडेही तसंच झाकण असेल तर तिकडचे १२०. बांधाची रुंदी ६० धरू. एकूण ३०० मीटर. पायथ्याशी उरणारा दाब म्हणजे ६ मीटरचा ३०० पैकी १२० एवढा हिस्सा: २.४ मीटर. भागिले ३, उत्तर ०.८. या पुरात हा बांध बरोबर काठावर उभा आहे.

हेच गणित अमेरिकेच्या लष्करी इंजिनिअर दलाने १९३७ च्या महापुरानंतर विकसित केलं. बांधाखाली पायझोमीटर, म्हणजे दाब मोजणाऱ्या नळ्या बसवल्या, १९५० च्या पुरात प्रत्यक्ष मोजमापं घेतली आणि १९५६ मध्ये दलाच्या व्हिक्सबर्ग शहरातल्या प्रयोगशाळेने त्याचा सविस्तर अहवाल काढला. डिझाइन करताना ०.८ वर थांबत नाहीत, पायथ्याशी ०.५ च्या आत राहायचा दंडक ठेवतात. कारण जमीन कागदावरच्या थरांसारखी एकसारखी कधीच नसते.

बांधासाठी माती नदीच्या बाजूने उचलली तर काय बिघडतं? ती तर बांधाबाहेरची जमीन.

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. वरच्या उदाहरणात नदीकडचं झाकण खरवडून काढलं आणि वाळू उघडी पडली असं समजा. तिकडची १२० मीटरची लांबी २० वर आली. एकूण लांबी २००, पायथ्याशी दाब ६ मीटरचा २०० पैकी १२० हिस्सा, म्हणजे ३.६ मीटर. गुणोत्तर १.२. बांध तोच, नदीची पातळी तीच, शेतही तेच. फक्त नदीकडे खड्डा खणला आणि काठावरचा बांध पार धोक्यात गेला. माती उचलायचीच असेल तर बांधापासून लांब, आणि खाली चिकणमातीचा थर शिल्लक ठेवून. शेताकडच्या बाजूला पायथ्याजवळ तळं खणणं तर त्याहून वाईट, कारण तिथे भागाकारातली जाडीच कमी होते.

उफाळा सापडला. त्यावर माती टाकून, पोती रचून तो बुजवून का टाकू नये?

कारण दाब तसाच राहतो. एक तोंड बंद केलं की पाणी शेजारी दुसरं शोधतं, आणि ते कदाचित बांधाच्या आणखी जवळ असतं. पाणी येऊ द्यायचं, वाळू येऊ द्यायची नाही, असं हे काम आहे.

त्यासाठी वाळूच्या पोत्यांचं गोल कडं रचतात. आधी जागेवरचं गवत, काड्या साफ करतात आणि जमीन थोडी खरवडतात, म्हणजे पोती आणि माती यांच्यामधून पाणी पळत नाही. पोती अर्धीअधिक भरलेली, सांधे एकमेकांवर न येतील अशी, प्रत्येक थर पायाने दाबून. कड्याच्या भिंतीचा तळ उंचीच्या किमान दीडपट रुंद हवा. तोंडापासून थोडं अंतर ठेवून कडं घ्यायचं, कारण तोंडालगतची जमीन आधीच सैल झालेली असते. आत पाणी चढत जातं आणि त्याचं वजन खालच्या दाबाला विरोध करतं. वरच्या उदाहरणात कड्यात ६० सेंटिमीटर पाणी उभं राहिलं तर तेवढ्या जागेपुरता २.४ चा फरक १.८ होतो, गुणोत्तर ०.८ वरून ०.६.

पाणी नितळ व्हायला लागलं की थांबायचं. तिथेच सांडवा ठेवायचा, म्हणजे पोत्यांमध्ये एक खाच किंवा पाइपचा तुकडा, आणि पाणी चराने लांब काढून द्यायचं. हुरूप येऊन आणखी दोन थर चढवण्याचा मोह होतो. तो टाळावा. पाणी पूर्ण थांबेपर्यंत कडं वाढवलं तर तो उफाळा बुजवल्यासारखाच झाला.

एकाच भागात वीस-पंचवीस उफाळे असतील तर प्रत्येकाला वेगळं कडं करत बसू नये. पूर्ण पट्ट्याभोवती बुटका बांध घालून आत पाणी साठवतात. मिसिसिपी राज्यात व्हिक्सबर्गच्या वर ईगल लेक नावाचं तळं आहे. २०११ च्या पुरात तिथल्या बांधामागे उफाळे वाढले, तेव्हा आख्ख्या तळ्याची पातळी मुद्दाम पुराच्या पाण्याने कित्येक फूट चढवली. पुराशी लढताना पुराचंच पाणी आत घ्यायचं, हे काठावरच्या घरवाल्यांना पटवणं सोपं नसणार.

पूर लांबला की धोका का वाढतो? पातळी तर तेवढीच असते.

दाब वाळूतून बऱ्यापैकी लवकर पोचतो, पण नळी सरकायला वेळ लागतो. चार दिवसांत ओसरणारा पूर नळीला अर्ध्या वाटेत सोडून जातो. महिनाभर टिकणारा पूर तिला पुढे जायला सवड देतो. शिवाय शेतातलं भूजल वर आलेलं असतं, बांधाचं अंग भिजून मऊ झालेलं असतं आणि चोवीस तास गस्त घालणारी माणसं थकलेली असतात. २०१९ मध्ये लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज इथे मिसिसिपी सलग २११ दिवस पूरपातळीच्या वर होती. एवढे दिवस रोज रात्री टॉर्च घेऊन तोच पायथा चालायचा, आणि दोनशेव्या रात्रीही पहिल्या रात्रीच्या नजरेने बघायचं.

अर्ध्यात थांबलेली नळी पुढच्या वर्षी पहिल्यापासून सुरू होईलच असं नाही. त्याच जागी, आधीपेक्षा कमी पातळीला उफाळे सुरू झाल्याचा अनुभव मिसिसिपीकाठी आहे. जुन्या पुरांच्या नोंदवह्या म्हणून जपून ठेवायच्या असतात.

केरो गावात २०११ मध्ये काय झालं?

इलिनॉय राज्याच्या दक्षिण टोकाला ओहायो आणि मिसिसिपी मिळतात. त्या संगमावर केरो हे गाव आहे, २०११ मध्ये जेमतेम तीन हजार वस्तीचं, तिन्ही बाजूंनी बांध आणि पूरभिंतीत बसलेलं. भिंत पूरमापकाच्या ६४ फुटांपर्यंतच्या पाण्यासाठी. त्याआधीचा विक्रम १९३७ चा, ५९.५ फूट. एप्रिल २०११ च्या अखेरीला पाणी ६० फुटांच्या पुढे गेलं. भिंतीला अजून तीन-चार फूट वाव होता. वरून बघणाऱ्याला चिंतेचं कारण दिसलं नसतं.

पण गावात, भिंतीच्या आत, मोठा सँड बॉइल उसळला. एप्रिलच्या शेवटच्या दिवसांत गाव रिकामं करण्याचा आदेश निघाला. समोर मिसूरी राज्याच्या बाजूला बर्ड्स पॉइंट-न्यू मॅड्रिड नावाचा राखीव पूरमार्ग होता, म्हणजे वेळ पडली तर बांध उडवून पाणी सोडायची सुमारे १ लाख ३० हजार एकर शेतजमीन. मिसूरी राज्य कोर्टात गेलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं, स्थगिती मिळाली नाही. २ मे रोजी पातळी ६१.७२ फुटांवर गेली आणि त्याच रात्री मिसिसिपी नदी आयोगाचे अध्यक्ष मेजर जनरल मायकेल वॉल्श यांच्या आदेशावरून बांध स्फोटाने उडवला. पाणी उतरायला लागलं.

निर्णयामागे इतर जागांचे बांध आणि पुढच्या पावसाचे अंदाजही होते, एकट्या उफाळ्याने हे घडलं असं म्हणणं बरोबर होणार नाही. पण ‘भिंतीला अजून वाव आहे’ या युक्तिवादाची हवा त्याने काढून घेतली. आपल्या गणितातला ४० टक्क्यांचा हिस्सा इथे लावून बघा. नदी एक फूट उतरली तर पायथ्याशी दाब जेमतेम पाच इंच कमी होतो. उफाळे लगेच शांत होत नाहीत. स्फोटाने खरं काम केलं ते पुढची वाढ टाळण्याचं.

रिलीफ वेल काय करते?

झाकणाला आपण ठरवलेल्या जागी, गाळणीसकट भोक पाडते. बांधाच्या पायथ्यालगत, शेताच्या बाजूला, १५ ते ९० मीटर अंतराने विहिरींची रांग. विहीर म्हणजे आपल्या बोअरसारखीच, पण खाली वाळूच्या थरात भोकं किंवा चिरा असलेली जाळीदार नळी आणि तिच्याभोवती निवडलेल्या आकाराच्या खडीचं वेष्टण. खडी वाळूला अडवते, पाण्याला सोडते. पंप लागत नाही. नदी चढली की दाबानेच पाणी आपोआप वर येऊन तोंडातून वाहतं. विहिरीपाशी दाब जमिनीच्या पातळीजवळ येतो, दोन विहिरींच्या बरोबर मध्ये सगळ्यात जास्त उरतो. मधला हा दाब ०.५ च्या आत बसवायचा, त्यावरून विहिरींमधलं अंतर ठरतं.

मग विहिरी मारल्या की शेत कोरडं राहील?

उलट, जास्त पाणी येईल. झाकणातून झिरपायची १२० मीटरची लांबी विहिरींनी जवळजवळ काढून टाकली, म्हणजे ३०० ऐवजी १८० मीटर उरले. पाझर दीडपटीहून वाढतो. भरड वाळू आणि ३० मीटर अंतर धरलं तर आपल्या उदाहरणात एक विहीर मिनिटाला १,८०० लिटरच्या घरात पाणी देईल. तीन किलोमीटर बांधाला शंभर विहिरी, म्हणजे सेकंदाला तीन घनमीटर. ते गोळा करायला चर आणि परत नदीत फेकायला पंपघर हवंच. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा वाईट सौदा वाटतो, आणि त्याचं पीक बुडत असेल तर तक्रार रास्त आहे. बांधाच्या दृष्टीने मात्र पाणी मोजूनमापून, वाळूशिवाय बाहेर येतं, एवढंच हवं असतं.

विहिरी एकदा केल्या की किती वर्षं चालतात?

निगा राखाल तितकी. त्या वर्षानुवर्षं कोरड्या किंवा साचलेल्या पाण्याने भरून पडून असतात आणि तेवढ्यात जाळीवर लोहजीवाणूंचा गेरूसारखा चिकट थर धरतो, क्षार बसतात. तोंडाचं झाकण तुटलं तर बेडूक, पालापाचोळा, पोरांनी टाकलेले दगड. शेतात साचलेलं गढूळ पाणी उलटं आत शिरू नये म्हणून बसवलेला व्हॉल्व्ह अडकून बसतो. मिसिसिपीवरच्या जुन्या विहिरी तर लाकडी फळ्यांच्या होत्या. त्या कुजतात.

तपासायची रीत सोपी आहे. पंप लावून ठरावीक पाणी उपसायचं, विहिरीतली पातळी किती खाली जाते ते मोजायचं आणि विहीर नवीन असतानाच्या आकड्याशी ताडून बघायचं. क्षमता ८० टक्क्यांच्या खाली गेली की रसायन आणि ब्रशने साफसफाई, तरी सुधारली नाही तर नवी विहीर. पुरात गस्त घालताना शेजारच्या विहिरी जोरात वाहतायत आणि मधली एक गप्प, असं दिसलं तर उफाळा त्याच पट्ट्यात शोधावा. विहिरीतून वाळू यायला लागली असेल तर तिचं गाळण फाटलंय आणि आता तीच एक सँड बॉइल झाली आहे.

सरळ भिंत घालून पाझर बंदच का करत नाहीत?

भिंत वाळूच्या तळापर्यंत, खालच्या घट्ट थरात रुतली तरच काम करते. तीस-चाळीस मीटर खोल आणि शेकडो किलोमीटर लांब भिंतीचा खर्च कुणालाच झेपत नाही. अर्ध्या खोलीपर्यंत घातली तर पाझर अर्धा होत नाही, पाणी खालून वळसा घालून येतं. जिथे जमीन मिळते तिथे पायथ्यापासून शंभर मीटरपर्यंत मातीचा पसरट भराव टाकून झाकणाचं वजनच वाढवतात. तो साफ करावा लागत नाही, बिघडत नाही. मला विचाराल तर जागा असेल तिथे भराव, आणि घरं किंवा रस्ता पायथ्याला टेकलेला असेल तिथे विहिरी.

महाराष्ट्रात हे फारसं ऐकू का येत नाही?

आपल्या बहुतेक नद्या दख्खनच्या काळ्या कातळावरून वाहतात. काळी माती, खाली मुरूम, त्याखाली खडक. तीस-तीस मीटर जाड, सलग वाळूचा थर कृष्णा-भीमेकाठी सहसा सापडत नाही, आणि मैलोन्‌मैल पूरबांधही नाहीत. विदर्भातलं पूर्णेचं जाड गाळाचं खोरं हा अपवाद. मिसिसिपीसारखी परिस्थिती आपल्या देशात शोधायची तर गंगा, कोसी आणि ब्रह्मपुत्रेच्या काठचे तटबंध बघावे लागतील. तिथे काम करणाऱ्या मराठी इंजिनिअरला घरचा अनुभव पुरणार नाही.

पूर ओसरला. उफाळ्याच्या जागेचं काय करायचं?

लगेच पोती उचलू नका. आधी प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश, साचलेल्या वाळूचा अंदाज आणि उफाळा सुरू झाला तेव्हाची व थांबला तेव्हाची नदीची पातळी नोंदवा. ती वाळू किती घनमीटर भरते त्यावरून खाली किती पोकळी झाली याचा हिशोब लागतो. मग बोअर घेऊन झाकणाची जाडी तपासायची, सैल जागा खणून चिकणमातीने थराथराने कुटून भरायची आणि तिथे विहीर की भराव हे पुढच्या पावसाळ्याआधी ठरवायचं. नुसतं वरून खड्डा बुजवून गवत लावलं तर जागा दिसेनाशी होते, नळी तशीच राहते.